मगदूम सरांना लिहायचं राहिलेलं पत्र

मोबाईलमधली जागा संपल्याची सूचना आली तेव्हा संयोगिता पोवई नाक्यावर, औषधाच्या दुकानासमोर, पैसे द्यायला क्यूआर कोडवर मोबाईल धरून उभी होती. पैसे जाईनात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मोबाईल भरलाय तुमचा, काहीतरी उडवा." मागं दोन माणसं थांबलेली. तिनं घाईनं यादी उघडली, सगळ्यात जड काय आहे ते बघायला, आणि सगळ्यात वर तेच होतं. मगदूम सर निरोप. बावन्न मिनिटं अकरा सेकंद. शेजारी केराच्या टोपलीचं चित्र. बोट त्या टोपलीवर गेलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं पर्समधून नोट काढून दिली, गोळ्या घेतल्या आणि सुट्टे परत न घेताच चालू लागली. दुकानदारानं मागून हाक मारली तेही तिला पलीकडच्या रस्त्यावर गेल्यावर कळलं. गेले एकोणीस दिवस असंच चाललं होतं. आवाज यायचे, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ जायचा. कुणी तिचं नाव घेतलं की ती हातातलं काम सोडून उभी राहायची आणि मग तो माणूस नुसतं 'जेवलीस का' विचारायचा.

एकोणीस दिवसांपूर्वी, दुपारी दोनच्या सुमाराला, साताऱ्यातल्या ज्या खासगी दवाखान्याच्या रक्तपेढीत ती सात वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करत होती, तिथं वरच्या बायकांच्या वॉर्डातून एक नळी आली. नळीला मागणीचा फॉर्म रबर लावून गुंडाळलेला. फॉर्मवर नाव, राहीबाई, वय एकसष्ट, अंगात रक्त कमी, एक पिशवी लगेच हवी. नळीवर मात्र काहीच नव्हतं. नुसती काच, आत चार बोटं रक्त. नियम तिला झोपेतही पाठ होता. नाव नसलेली नळी परत जाते, रुग्णाच्या खाटेशीच पुन्हा रक्त घेतात आणि तिथंच, खाटेशीच, नळीवर नाव लावतात. पण ती पाळी बदलायची वेळ होती, दुसरी मुलगी अजून आली नव्हती, लिफ्ट बंद होती, आणि वरच्या डॉक्टरांचा दोनदा फोन येऊन गेला होता. संयोगितानं वॉर्डात फोन लावला. अंकिता नावाची नर्स होती, चोवीस-पंचवीसची, कोरेगावकडची. "अंकिता, ही नळी राहीबाईंचीच ना?" पलीकडं कुणाचा तरी सलाईनचा स्टँड आपटल्याचा आवाज आला. "हो मॅडम." बस, एवढंच. संयोगितानं स्वतःच्या मशीनवर राहीबाईंच्या नावाचं लेबल छापलं आणि स्वतःच्या हातानं नळीवर चिकटवलं. ते नीट, सरळ बसलं होतं. कडेला एक बुडबुडा राहिला तो तिनं नखानं काढला. तो बुडबुडा तिला आता दिवसातून कितीतरी वेळा दिसायचा.

नळीतलं रक्त ए पॉझिटिव्ह निघालं. तिनं ए पॉझिटिव्ह पिशवी घेतली, नळीतल्या रक्ताशी जुळवून बघितली, जुळली. जुळणारच होती. नळी शेजारच्या खाटेवरच्या बाईची होती. राहीबाईंचं रक्त ओ होतं.

पाऊण तासानं पिशवी अर्धी चढलेली असताना राहीबाई म्हणाली की कंबर धरलीय, छातीत भरून आलंय. तिनं थंडीनं दात वाजवायला सुरुवात केली. वॉर्डानं पिशवी बंद केली, सलाईन लावलं, आणि उरलेली पिशवी आणि राहीबाईच्या हातातून नव्यानं काढलेलं रक्त खाली पाठवलं. संयोगितानं नवी नळी रक्त खाली बसवणाऱ्या मशीनमध्ये फिरवली. वरचं पाणी पिवळसर यायला पाहिजे, ते जांभळाच्या रसासारखं आलं. दोन्ही नळ्यांचा गट पुन्हा काढला. जुनी ए, नवी ओ. तिनं त्याच मिनिटाला वर फोन करून सांगितलं, गट वेगळा आहे, चुकीचं रक्त गेलंय, किडनी सांभाळा. त्यात तिनं एक क्षण घालवला नाही. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असे. रक्ताचं तिनं खरं सांगितलं होतं. लेबलाचं कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी राहीबाई गेली, आणि फ्रिजमध्ये ठेवलेली जुनी नळी काढून चौकशी समितीनं बघितली तर तिच्यावर लेबल होतं, सरळ, स्वच्छ, राहीबाईंच्या नावाचं. वॉर्डातलं मशीन आणि रक्तपेढीतलं मशीन एकाच बनावटीचं. म्हणजे वॉर्डात नर्सनं दुसऱ्याच बाईच्या नळीवर हे लेबल लावलं, असा अर्थ निघाला. अंकिताला विचारलं. ती म्हणाली, "मला आठवत नाही. लावलं असेल. तीन पेशंट एकदम आले होते." तिला कामावरून थांबवलं. समितीची शेवटची बैठक बारा तारखेला होती.

नवरा धैर्यशील फौजेत, जोधपूरला. त्याला तिनं सातव्या दिवशी फोनवर सांगितलं, सगळं नाही, बरंचसं. त्याच्या मागं कुणीतरी हिंदीत हजेरी घेत होतं. मग म्हणाला, "तुला विचारलंय का कुणी?" ती म्हणाली, नाही. "मग. विचारल्याशिवाय आपण पुढं जायचं नसतं. नळी चुकीची पाठवली तिनंच ना? ते तर खरंय." ते खरंच होतं. म्हणूनच त्याचं बोलणं तिच्या अंगाला चिकटून बसलं. नळी अंकितानं चुकीची पाठवली होती. संयोगिता ते वाक्य रोज घेऊन बसायची, त्याला कुठून भेग आहे का बघायची. भेग नव्हती. तरी सकाळी ती दात आरशात न बघता घासायची.

खोलीवर आल्यावर तिनं गोळ्या टेबलावर टाकल्या आणि मोबाईल चार्जिंगला लावला. रेकॉर्डिंग उडवायचं तर एकदा ऐकून उडवावं, असं तिनं स्वतःला सांगितलं. चौदा महिने ते तसंच पडून होतं. धनपाल मगदूम, सांगलीच्या रक्तपेढीत छत्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले, तिचे पहिले साहेब. कवठे महांकाळहून डिप्लोमा करून आलेल्या मुलीला त्यांनी पिपेट धरायला शिकवलं होतं, रजिस्टरात ओळ मारायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ती त्यांना भेटायला माधवनगरला गेली. तुमचं बोलणं मी रेकॉर्ड करून ठेवते म्हणाली. त्यांना हसू आलं होतं. "मी काय पुढारी न्हाई बाई. पण कर. फक्त एक. घरी जाऊन ऐकायचं, आणि तुला काय कळलं ते मला कागदावर लिहून पाठवायचं. मी तपासून परत देतो." तिनं हो म्हटलं होतं. आल्यावर दोनदा कागद घेतला. 'आदरणीय सर, आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे' इथपर्यंत लिहिलं आणि पुढं काय लिहावं ते सुचेना म्हणून ठेवून दिलं. ऐकलं मात्र एकदाही नव्हतं. आपल्याला आठवतंय असं वाटत होतं.

तिनं बटण दाबलं. आधी नुसता घरघर आवाज, यंत्रमागांचा. माधवनगरात अजून चालतात त्यातले कुणाचे तरी चार माग, भिंतीपलीकडं, एका लयीत. मग पंखा. मग कप ठेवल्याचा आवाज. मग सरांचा खोकला आणि स्वतःचाच आवाज, तिला ओळखू न आलेला, चिरका, जास्तच उत्साही. "सर, सुरू झालंय हं." ती कागद घेऊन बसली. सरांनी सांगितलं होतं तसंच करायचं ठरवलं, वेळ लिहायची, त्याच्यापुढं वाक्य. ऐकू आलं नाही तर दहा सेकंद मागं. पहिली नऊ मिनिटं निरोप समारंभाच्या गप्पांची होती, कुणी शाल दिली, कुणी भाषणात त्यांचं नाव चुकवलं. त्यानंतर सर कामावर आले. तिनं लिहिलं, '९:४०. नाव विचारायचं, नाव सांगायचं नाही.' सर बोलत होते, सावकाश, एकेक शब्द रजिस्टरात चढवल्यासारखा. "आपल्याकडचं म्हातारं माणूस दवाखान्यात आलं की सगळ्याला व्हय म्हणतंय. तुमी शांताबाई का, व्हय. तुमी कांताबाई का, व्हय. त्यांना वाटतंय न्हाई म्हटलं तर डॉक्टर रागावंल. म्हणून तुमचं नाव काय, असं विचारायचं आणि त्यांच्या तोंडातनं येऊ द्यायचं. आणि हे फक्त पेशंटचं न्हाई. वॉर्डात फोन केला तरी तेच. हे अमक्याचंच ना, असं विचारलंस की पलीकडची पोरगी हो म्हणणार. ती कामात असती. तिला फोन ठेवायचा असतोय. तू तिला उत्तर आधीच देऊन टाकलंस."

संयोगितानं बटण दाबून थांबवलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज. तिच्या डोक्यात एकदम तो वॉर्डातला आवाज आला, सलाईनचा स्टँड आपटलेला, आणि 'हो मॅडम'. ते 'हो' कसं होतं ते तिला आत्ता पहिल्यांदा ऐकू आलं. त्यात नळी नव्हतीच. अंकितानं नळीकडं बघितलंसुद्धा नसणार, ती तर खाली होती, संयोगिताच्या हातात. स्टँड पडत होता, तो ती धरत होती. संयोगितानं तिला विचारलं नव्हतं, सही घ्यावी तसा तिच्याकडून होकार घेतला होता. आणि रेकॉर्डिंगमध्ये, सरांचं वाक्य संपायच्या आत, स्वतःचा आवाज होता, "हो सर." तिनं मागं जाऊन मोजलं. पहिल्या वीस मिनिटांत ती तेवीस वेळा 'हो सर' म्हणाली होती. कितीतरी वेळा वाक्य संपायच्या आधीच.

'१७:०५. बिननावाची नळी परत. कुणाचीही असो.' त्यावर सर थोडा वेळ बोलले. कलेक्टरच्या आईची असली तरी परत, बाहेर माणूस ओरडत असला तरी परत. पुन्हा रक्त काढायला दहा मिनिटं लागतात. "तू म्हणशील पेशंट दहा मिनिटं थांबू शकत न्हाई. खरंच थांबू शकत नसंल तर ओ निगेटिव्हची पिशवी दे, ती कुणालाही चालती, डॉक्टरची सही घे. पण नाव आपण लावायचं न्हाई. आपण खाटेशी नव्हतो. जो खाटेशी होता त्यानंच लावायचं." मग कुकरची शिट्टी. चंदनबाला काकूंचा आवाज, लांबून, "सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या हं दोघं. पोरीला पण सांगा." हे घर अंधार पडल्यावर जेवत नसे. सर म्हणाले, "व्हय, येतोय." संयोगिताला त्या दिवशीचा उजेड आठवला, खिडकीतून आलेला, तिरका, सरांच्या पांढऱ्या बनियनच्या खांद्यावर पडलेला. आणि मनात चाललेलं. सांगलीहून साताऱ्याला साडेसातची बस मिळेल का, काकूंच्या दुधीच्या भाजीला नाही म्हणता येईल का, बढतीनंतर पगार वाढणार ते सरांना सांगावं की नको. ती तिथं बसली होती आणि ऐकत नव्हती. यंत्र ऐकत होतं म्हणून तिनं ऐकायचं सोडून दिलं होतं.

एकतीस मिनिटांनी सर म्हणाले, "आता एक सांगतो, हे मी कुणाला सांगितलं न्हाई." तिला हे अजिबात आठवत नव्हतं. तिनं आवाज वाढवला. "मी लागून चार वर्षं झाली हुती. एक माणूस गेला माझ्या हातनं. दोन पिशव्या काढल्या, ज्याची त्याला द्यायची ती अदलाबदल झाली. वॉर्डबॉय घेऊन गेला हुता. सगळे म्हणाले त्यानंच घोळ केला. मी गप्प बसलो. दोन दिवस." इथं रेकॉर्डिंगमध्ये संयोगिता हसली. खरंच हसली, लहान, आदबशीर. "सर, तुमच्या हातून? शक्यच नाही." मग बशीत कप ठेवल्याचा आवाज आणि ती पुढं म्हणत होती, "सर, मला साताऱ्यात इन्चार्ज करणारेत." यंत्रमाग चालू होते. पाच-सहा सेकंद फक्त तेच. मग सरांचा आवाज, बदललेला, "असू दे. चांगलं झालं." तिनं दहा सेकंद मागं नेलं आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा मागं नेलं. प्रत्येक वेळी ती त्याच जागी हसत होती. तिला तिथं जाऊन त्या बाईचं तोंड दाबून धरावंसं वाटलं.

पण सर थांबले नव्हते. तिनं चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला आणि त्याखाली, हळू, सर स्वतःशी बोलल्यासारखे बोलत होते, म्हणून चार वेळा मागं न्यावं लागलं. तिनं लिहून घेतलं. '३३:२०. चूक पहिल्या तासात सांगायची. पहिल्या तासात ती नुसती चूक असते. दुसऱ्या तासापासनं तिला कारणं फुटायला लागतात. ती सगळी कारणं खरी असतात. दोन दिवसांनी मी साहेबांना सांगितलं तेव्हा माझ्याकडं अकरा कारणं हुती आणि तो पोरगा काम सोडून इचलकरंजीला मागावर गेला हुता. मी चारदा शोधत गेलो. सापडला न्हाई.' आणि मग, नीट ऐकू येईल असं, तिच्याकडं तोंड करून, "कळलं का?" आणि तिचा आवाज, "हो सर."

बाकीच्या एकोणीस मिनिटांत काही नव्हतं. जेवण, लिंबाचं लोणचं, बसची वेळ. शेवटी सर म्हणाले, "लिहून पाठव हं. नुसते आभार नकोत, काय कळलं ते." आणि बंद झालं.

तिनं त्या संध्याकाळी पत्र लिहायला घेतलं. आधी नेहमीसारखं. 'आदरणीय सर, सादर नमस्कार. आपली तब्येत बरी असेल.' मग थांबली आणि वेळ टाकून केलेली टिपणं समोर ठेवली. 'सर, चौदा महिने उशीर झाला, त्याची क्षमा मागत नाही, कारण उशिराचं कारण एवढंच की मी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. तुम्ही मला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, नाव विचारायचं, सांगायचं नाही. दुसरी, बिननावाची नळी परत पाठवायची, नाव आपण लावायचं नाही. तिसरी, चूक पहिल्या तासात सांगायची. तिसरी सांगताना तुम्ही तुमचं सांगितलंत आणि मी हसले. ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्याबद्दल मात्र मी क्षमा मागते.' इथपर्यंत सोपं गेलं. मग तिनं लिहिलं, 'तुम्ही शिकवलंत म्हणून मी आज जी काही आहे ती आहे, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते,' आणि ते पुन्हा वाचलं. आज जी काही आहे ती. ती उठून पाणी प्यायली. परत आली आणि खाली लिहिलं, न थांबता, तारीख, वेळ, नळी, फोन, लेबल. कुठल्या मशीनवर छापलं. किती वाजता. 'गट वेगळा निघाल्यावर मी लगेच कळवलं. लेबलाचं कळवलं नाही. अशा रीतीने माझ्याकडून चूक झाली. एक बाई गेल्या. एक मुलगी घरी बसली आहे. समितीची शेवटची बैठक बारा तारखेला आहे. पहिला तास जाऊन एकोणीस दिवस झाले, आणि सर, माझ्याकडं पुष्कळ कारणं आहेत आणि ती खरंच सगळी खरी आहेत.' सही केली. सकाळी स्पीड पोस्टानं पाठवलं. पावती पर्समध्ये ठेवली आणि कामावर गेली.

ते दिवस विचित्र गेले. पत्र बाहेर कुठंतरी होतं, साताऱ्याच्या पेटीत, मग कऱ्हाडला, मग सांगलीला, कुणाच्या तरी पिशवीत, आणि आत सगळं लिहिलेलं. तिला अंगावर कपडा नसल्यासारखं वाटायचं आणि त्याच वेळी हलकंही वाटायचं, आता कुणाला तरी माहीत आहे. सरांना कळलं की झालं. सर फोन करतील, म्हणतील, पोरी, होतं असं, माझंही झालं होतं. त्या फोनची ती वाट बघत होती. नळ्या हातात घेताना आता ती प्रत्येकीचं लेबल तीनदा वाचायची. एक बिननावाची आली ती परत पाठवली तेव्हा वरची नर्स म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर कधी परत पाठवत नव्हता." फोन आला नाही. अकरा तारखेला दुपारी पोस्टमन आला आणि पाकीट देऊन गेला. पत्ता सरांच्या अक्षरात.

आत तिचंच पत्र होतं. सरांनी ते तपासलं होतं, रजिस्टर तपासायचे तसं, लाल पेननं. 'आदरणीय' खाली काही नव्हतं. तीन गोष्टींपुढं तीन टिकमार्क. तिच्या हसण्याच्या ओळीपुढं काहीच नाही, नुसता एक ठिपका, पेन टेकवून उचलल्यासारखा. आभारांचं वाक्य सरळ पट्टी लावून खोडलेलं. वेळेच्या एका आकड्याभोवती गोल आणि समासात, 'रजिस्टरशी ताडून बघ.' पुढं 'माझ्याकडून चूक झाली' या शब्दांखाली दोन रेघा, आणि वर, बारीक अक्षरात, 'मी चूक केली'. शेवटच्या कारणांच्या ओळीवर फुली. सर्वांत खाली लिहिलं होतं, 'पत्ता चुकलाय. हे मला नको, समितीला दे. तारीख आजची घाल. मी बाराला सकाळच्या गाडीनं येतो. ध.म.'

ती कागद हातात धरून बराच वेळ जिन्यात उभी राहिली. तिला राग आला. एवढा राग तिला सरांचा कधी आला नव्हता. म्हातारा माणूस, आता त्याचं काय जातंय, पेन्शन चालू आहे. मग तिला कळलं की आपण त्यांच्याकडून माफी मिळवायला गेलो होतो आणि ती त्यांच्याकडं नव्हती. ती खाली रक्तपेढीत गेली, रजिस्टर काढलं, वेळ ताडून बघितली. नळी आल्याबरोबर, दोन दहालाच, लेबल लावलं असं तिनं लिहिलं होतं, रजिस्टरात दोन पंचवीस होते. पंधरा मिनिटं. तेवढ्यात लिफ्टशिवायसुद्धा कुणी जिना चढून वर जाऊन आलं असतं. तिनं कोरा कागद घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं, अध्यक्ष, चौकशी समिती. बाकीचं तेच, सरांच्या दुरुस्त्यांसकट. आभार नव्हते म्हणून ते दीडच पान झालं.

बारा तारखेला सर आले. स्टँडवरून रिक्षानं, डोक्याला मफलर, हातात काकूंनी दिलेला डबा. तिच्याशी फार बोलले नाहीत. समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "जा तू. मी हाय." आत तिघं होते. अध्यक्षांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत वाचला. "कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर?" नाही म्हणाली. "त्या मुलीनं काही सांगितलंय?" तिच्याशी माझं बोलणंच झालेलं नाही, म्हणाली. "तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय?" तिच्या तोंडावर 'हो सर' आलं होतं. ते तिनं गिळलं आणि सांगितलं, "कामावरून काढतील. पोलिसांत जाऊ शकतं. परवाना जाऊ शकतो. अंकितानं चुकीची नळी पाठवली असेल, पण लेबल तिनं लावलेलं नाही. ते मी लावलं." अध्यक्षांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती बाहेर येऊन सरांशेजारी बसली. सरांनी डबा उघडून पुढं केला. तिनं तो हातानं मागं सारला. त्यांनी तो परत झाकला.

निर्णय चार वाजता झाला. संयोगिताला निलंबित केलं. कागद पुढं पाठवणार म्हणाले. अंकिताला परत घेणार का, असं तिनं विचारलं तर 'तिच्याकडूनही हलगर्जी आहेच, बघू' एवढंच उत्तर मिळालं. अंकिताला तिनं जिन्यातूनच फोन लावला. सगळं ऐकून घेतलं पोरीनं. मग म्हणाली, "मी एकवीस दिवस रोज आठवत होते मॅडम. लेबल लावलं का, लावलं का. मला वाटायला लागलं होतं मी लावलं म्हणून. मला आता दिसतंय पण, मी लावताना." आणि फोन ठेवला.

सरांना सोडायला ती फाटकापर्यंत आली तेव्हा कागदपत्रांच्या खिडकीपाशी एक माणूस उभा होता. पायात रबरी बूट, हातात प्लास्टिकची पिशवी, चाळिशीचा. त्याला आतल्या कारकुनानं तिच्याकडं बोट करून काहीतरी सांगितलं आणि तो चालत आला. सर दोन पावलं बाजूला झाले.

"आवं, रक्ताच्या खात्यातल्या बाई तुमीच का?"

"हो. तुम्ही?"

"मी बाळासो. राहीबाईचा थोरला. समितीनं आत्ता सांगितलं. तुमी सोताच लिहून दिलं म्हनून." तो तिच्या चेहऱ्याकडं बघत नव्हता, तिच्या हातांकडं बघत होता. "आमी त्या पोरीला लय बोललो. तिच्या घरी जाऊन बोललो."

संयोगितानं मान हलवली. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं आणि तिच्याकडं जे शब्द होते ते सगळे पत्रात खोडलेले होते. "मी चूक केली," ती म्हणाली.

"व्हय. त्ये सांगितलं त्यांनी." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मला येकच इचारायचं हुतं. शेवटाला आय काय म्हनली का? आमाला आत सोडलं न्हाई. तुमी हुता नव्हं."

"मी नव्हते," संयोगिता म्हणाली. "मी खाली असते. आम्ही वर जात नाही. मी त्यांना बघितलंच नाही कधी."

बाळासोनं पिशवीत हात घातला, कागद उलटेपालटे केले, दवाखान्याची बिलं, मृत्यूचा दाखला, आणि त्यातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. ती बऱ्याच वेळा घडी घातलेली होती. त्यानं ती तिच्यापुढं धरली. झेरॉक्स काळी आली होती. चेहऱ्याच्या जागी डाग होता, त्यात कपाळाचा एक तुकडा आणि नाकातली चमकी तेवढी पांढरी.

"ही आय," तो म्हणाला. "घ्या. बघा नीट."

तिनं कागद दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाकडं धरला.